लोगो मोठा केला की फाटतो: फाईलचं नाव बदलू नका, आत काय आहे ते बघा

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. मोबाईलवर लोगो स्वच्छ दिसतो, व्हिजिटिंग कार्डावरही नीट छापून येतो, पण दुकानाच्या बोर्डावर घेतला की गोलाईला पायऱ्या पडतात आणि अक्षरांच्या कडेला काळपट कचरा दिसायला लागतो. फ्लेक्सवाला सांगतो, "फाईल फाटतेय, ओपन फाईल द्या." मग घरातलं कुणीतरी इंटरनेटवर जाऊन त्याच जेपीजीची पीडीएफ करून देतं. तीही फाटते. मग एसव्हीजी होते. तीही फाटते. शेवटी छपाईवाल्याला मशीन चालवता येत नाही, असा निष्कर्ष निघतो.

यातलं नेमकं काय बिघडलंय हे गिरगावातल्या एका ताईंच्या बोर्डावरून सांगतो. त्यांचं घरगुती फराळाचं छोटं दुकान आहे. लोगो म्हणजे केशरी गोल, त्यात पांढरा मोदक आणि खाली देवनागरीत दुकानाचं नाव. बोर्ड 8 बाय 3 फुटांचा आणि त्यावर अडीच फुटांचा गोल हवा होता. पहिली फाईल व्हॉट्सॲपवरून आली. 640 बाय 640 पिक्सलची जेपीजी, त्यात गोलाची रुंदी जेमतेम 600 पिक्सल.

आता हिशेब करू. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. 600 पिक्सल तेवढ्यात पसरले की एकेक पिक्सल साधारण सव्वा मिलिमीटरचा चौकोन होतो. कार्डावर हाच गोल 2 सेंटिमीटरचा होता, तिथे इंचाला साडेसातशेच्या वर पिक्सल बसत होते. म्हणून तिथे काहीच दिसलं नाही. फाईल तीच आणि तेवढीच खराब, फरक फक्त किती ताणली याचा.

सव्वा मिलिमीटर डोळ्याला दिसतो का, हे अंतरावर ठरतं. चांगल्या नजरेला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारीक तपशील वेगळा ओळखू येतो. व्यवहारात धरायचं ते असं: जितक्या मीटरवरून बघणार त्याला 0.29 ने गुणा, तेवढ्या मिलिमीटरपेक्षा पिक्सल मोठा असला की तो दिसणार. सव्वा मिलिमीटरसाठी हे अंतर सव्वाचार मीटरच्या आसपास येतं. गिरगावातल्या फुटपाथवर माणूस बोर्डाच्या दोन मीटरवरून जातो, त्यामुळे पायऱ्या दिसणार हे छापायच्या आधीच ठरलेलं होतं. शिवाय सरळ रेषेतली किंवा गोलाईतली खोड डोळा या मापाच्याही आधी पकडतो. त्यामुळे लोगोच्या बाबतीत मी हिशेबातून आलेला आकडा निम्मा करूनच धरतो.

पायऱ्यांसोबत तो कचरा कुठून येतो? जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा दाबतं. फोटोत ते खपून जातं. पण पांढऱ्यावर केशरी अशी धारदार कड एखाद्या तुकड्यातून गेली की त्या पूर्ण तुकड्यात कडेचे पडसाद उमटतात. आपल्या बोर्डावर असा एक तुकडा एक सेंटिमीटरचा होतो. जवळ जाऊन बघितलं तर मोदकाच्या कळ्यांभोवती चौकोन चौकोन गढूळपणा दिसतो, तो हाच. पीएनजीत हा कचरा नसतो आणि मागची बाजू पारदर्शक ठेवता येते, म्हणून लोक तिला "चांगली फाईल" समजतात. पण तीही पिक्सलचीच. 600 पिक्सलची पीएनजी अडीच फुटांवर स्वच्छ पायऱ्या दाखवेल, इतकंच.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे "300 डीपीआय करून द्या", म्हणजे इंचाला 300 पिक्सल. 600 पिक्सलचा गोल 300 डीपीआयला फक्त दोन इंचांचा होतो. फोटोशॉपमध्ये Image Size उघडून Resample बंद ठेवून आकडा 72 चा 300 केला, तर एकही पिक्सल वाढत नाही, फक्त छापील माप लहान होतं. Resample चालू ठेवून 600 चे 3000 केले, तर एका पिक्सलच्या जागी 25 येतात, पण माहिती तेवढीच राहते. Nearest Neighbor निवडलं तर पायऱ्या टोकदार राहतात. Bicubic निवडलं तर पायऱ्या पुसट होतात आणि कड धूसर होते. मुळात कडेला दोन पिक्सलची मधल्या रंगाची पट्टी असते, ती बोर्डावर अडीच मिलिमीटरचा धुरकट काठ होऊन बसते. यातला एकही पर्याय लोगोला चालण्यासारखा नाही.

ताईंनी नंतर पीडीएफ पाठवली. "दादा, आता तरी पीडीएफ आहे ना?" हा प्रश्न रास्त होता, कारण पीडीएफमध्ये रेषा, म्हणजे पिक्सलऐवजी बिंदू आणि वळणांच्या आकड्यांत लिहिलेले आकार, राहू शकतात असं त्यांनी ऐकलं होतं. राहू शकतात, पण राहतीलच असं नाही. पीडीएफ, ईपीएस, एसव्हीजी, कोरलची .cdr या सगळ्या फाईलींमध्ये रेषाही ठेवता येतात आणि पिक्सलचं चित्रही आहे तसं कोंबता येतं. कन्व्हर्टर यातलं दुसरं काम करतो, चित्र कोंबतो, कारण ते सोपं आहे. म्हणून फाईलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय याला अर्थ नाही, आत काय आहे ते बघावं लागतं.

बघायच्या रीती साध्या आहेत. पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून 6400 टक्क्यांपर्यंत झूम करा आणि एखाद्या वळणाच्या कडेवर थांबा. रेषा असेल तर ती दर झूमला नव्याने काढली जाते आणि कड ब्लेडने कापल्यासारखी राहते. चित्र असेल तर चौकोन समोर येतात. अर्धवट झूमवर निकाल देऊ नका, 400 टक्क्यांना चांगली पीएनजीसुद्धा फसवते. आणि एकाच जागी बघून थांबू नका. अक्षरं खरी आणि मोदक मात्र चिकटवलेला, अशा मिश्र फाईली सर्रास येतात.

कोरलड्रॉमध्ये फाईल उघडून वस्तूवर क्लिक केलं की खाली स्टेटस बारमध्ये तिचा प्रकार येतो. Curve दिसलं तर ठीक, Bitmap दिसलं तर ते चित्र, आणि Group of Objects दिसलं तर ग्रुप सोडून आतली प्रत्येक वस्तू बघा. पॉवरक्लिप करून चित्र दुसऱ्या आकाराच्या आत लपवलेलं असेल तर वरून कळत नाही, तो आकार उघडून आत बघा, आणि शिवाय View > Wireframe लावून बघायची सवय ठेवा. खरा लोगो नुसत्या रेषांचा सांगाडा होतो. इलस्ट्रेटरमध्ये हेच Ctrl+Y ने होतं. चिकटवलेल्या चित्राच्या जागी तिथे नुसता चौकोन उरतो. आज्ञा टाइप करायची सवय असेल आणि मशीनवर पॉपलर हा पीडीएफच्या साधनांचा संच असेल तर पीडीएफसाठी ही एक ओळ पुरते:

```
pdfimages -list logo.pdf
```

यादीच्या मथळ्याखाली एकही ओळ आली नाही तर आत पिक्सलचं चित्र नाही. ताईंच्या पीडीएफमध्ये एक ओळ आली, रुंदी 640, उंची 640. म्हणजे तीच व्हॉट्सॲपची जेपीजी, वर पीडीएफचं आवरण.

एसव्हीजी तर साध्या नोटपॅडमध्ये उघडते, ती मुळात मजकुराचीच फाईल आहे. तिच्यात असं काही दिसलं तर आत चित्रच कोंबलंय:

```
<image width="640" height="640"
  href="data:image/png;base64,iVBORw0KGgo..."/>
```

आणि असं दिसलं तर खरी रेषा आहे:

```
<path fill="#f28c1e"
  d="M 40 120 C 40 76 76 40 120 40 ..."/>
```

दुसऱ्या तुकड्यात M म्हणजे पेन इथे ठेवा, C म्हणजे इथून तिथवर वळण काढा, आणि पुढचे आकडे म्हणजे त्या वळणाचे बिंदू. किती मोठं काढायचं हे तिथे ठरलेलं नसतं. छापताना सगळ्या आकड्यांना एकाच पटीने गुणलं की झालं, म्हणून पायरी येत नाही. अशा वळणांना बेझिए वळणं म्हणतात. रेनो मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात गाडीच्या पत्र्याचे आकार गणितात बसवण्यासाठी ती वापरली, तेव्हापासून त्यांचं नाव चिकटलं. अशी चार वळणं जोडून केलेला गोल गणिती गोलापासून त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहूनही कमी हलतो. आपल्या अडीच फुटांच्या गोलात ही चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी येते. बोर्डाला ती माफ आहे.

फाईल खोटी निघाली की आधी काय करायचं? ज्याने लोगो केला त्याला गाठायचं. मागताना नुसतं "ओपन फाईल द्या" म्हणू नका. त्याने .psd दिली तरी शब्द पाळल्यासारखाच होतो, आणि फोटोशॉपमध्ये केलेला लोगो बहुतेक वेळा पिक्सलचाच असतो. "ज्यात लोगो काढला ती .ai किंवा .cdr द्या, आणि सोबत अक्षरांचे कर्व्ह केलेली पीडीएफ द्या" असं सांगा. ताईंच्या बाबतीत लोगो करणारा मुलगा नोकरीला दुसरीकडे गेलेला, फाईल जुन्या लॅपटॉपसोबत गेलेली. हेही नेहमीचंच.

मग उरतं ट्रेसिंग, म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअरकडूनच रेषा काढून घेणं. कोरलमध्ये बिटमॅप निवडून Outline Trace > Logo, इलस्ट्रेटरमध्ये Image Trace, इंकस्केपमध्ये Path > Trace Bitmap. एका बटणात काम होतं आणि झूम केल्यावर पायऱ्याही नसतात, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. थांबू नये. ट्रेसरला समोर मोदक आहे हे माहीत नसतं. त्याला दिसतात रंगांच्या सीमा. आपल्या जेपीजीतला कचरा त्याने इमाने इतबारे बारीक ठिपक्यांच्या रूपात काढून दिला, गोल किंचित बटाट्यासारखा झाला, आणि शिरोरेषा, जी पट्टीने आखल्यासारखी हवी, ती अक्षरागणिक वरखाली लहरत गेली. "फ" आणि "ळ" मधली पोकळी लहान झाली, टोकं गोलावली. पायऱ्यांच्या जागी लाटा आल्या, एवढाच फरक. ओळखायचं कसं, तर वळणावरचे नोड, म्हणजे वळणं जिथे जोडली जातात ते बिंदू, मोजा. गोलाला चार नोड लागतात, ट्रेसर त्याच्या कितीतरी पट टाकतो. 3000 पिक्सलची स्वच्छ, दोन रंगांची पीएनजी असेल तर ट्रेसिंग चांगलं निघतं. 600 पिक्सलच्या जेपीजीतून निघेल ही आशा सोडा.

लोगो साधा असेल तर तो पुन्हा काढणं हेच लवकर होतं. आम्ही जेपीजी खाली ठेवून लॉक केली आणि वर काम केलं. गोल Ctrl दाबून एलिप्स टूलने. मोदकाची फक्त डावी बाजू काढली, नोड टाकले ते वळणाच्या सगळ्यात बाहेरच्या आणि सगळ्यात वरच्या जागी आणि जिथे खरं टोक आहे तिथे. मग आरसा लावून उजवी बाजू, आणि मधली कळी वेगळी. मूळ चित्रात मोदक थोडा तिरका होता. तो मुद्दाम तसा होता की चुकून, हे ताईंना विचारलं. "सरळ करा हो, मला कायम खटकायचं ते," म्हणाल्या. पुन्हा काढताना असे प्रश्न मालकालाच विचारावेत, आपल्या मनाने सुधारणा करू नयेत.

अक्षरांना जास्त वेळ लागतो. आधी फॉन्ट ओळखायचा प्रयत्न करायचा. सापडला तर नाव टाइप करून जेपीजीवर ठेवायचं आणि रेषेला रेष जुळते का बघायचं. सापडला नाही तर अक्षर न् अक्षर काढायचं, शिरोरेषा मात्र एकच आयत म्हणून. फॉन्ट सापडला तरी फाईल देताना मजकूर तसाच ठेवायचा नाही. कोरलमध्ये Ctrl+Q, इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Shift+O, म्हणजे अक्षरांच्या रेषा होतात. हे केलं नाही आणि छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला, तर जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टच्या जागी रोमन अक्षरांची भेळ येते. युनिकोड असेल तर फॉन्ट बदलून जातो, आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन बसते. टाइप केलेली प्रत मात्र स्वतःकडे वेगळी ठेवा, कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही.

देवनागरीची आणखी एक खोड आहे आणि ती छापताना दिसत नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा शेजारच्यावर जरा चढलेला असतो. कर्व्ह केल्यावर हे तुकडे वेगळेच राहतात. फ्लेक्सवर सगळा एकच रंग पडतो म्हणून कळत नाही, पण काचेसाठी व्हिनाइल कापायला दिलं की प्लॉटरची सुरी प्रत्येक जोडावर शिरोरेषा आडवी चिरते. ताईंना काउंटरच्या काचेवरही नाव हवं होतं, म्हणून कर्व्ह केल्यानंतर पूर्ण शब्द निवडून Weld केलं, म्हणजे चढलेले तुकडे जोडून एकच आकार केला. इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठी Pathfinder मधलं Unite. ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं लेझरवर कापायची असतील तेव्हाही हेच. सुरीला किंवा लेझरला पिक्सल कळत नाहीत, त्यांना चालायला वाट लागते. तिथे रेषांच्या फाईलीशिवाय काम होतच नाही, आणि ट्रेसरने टाकलेले फालतू नोड कापलेल्या कडेवर खरखर म्हणून उमटतात.

लोगो खरा असूनही मोठा केल्यावर बिघडला तर दोन जागा बघा. पहिली, बाह्यरेषेची जाडी. कार्डावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ असेल आणि कोरलच्या Outline Pen मध्ये Scale with object ला टिक नसेल, तर गोल अडीच फुटांचा होतो आणि रेघ अर्ध्या मिलिमीटरचीच राहते. Ctrl+Shift+Q ने रेघेचं आकारात रूपांतर केलं की हा प्रश्न मिटतो. दुसरी, सावली आणि चमक. हे इफेक्ट रेषांच्या फाईलीतही शेवटी पिक्सलमध्ये उतरतात, त्यामुळे लहान मापावर बनवून ताणले की तेवढेच फाटतात. बोर्डाच्या लोगोला सावली देऊच नये, असं माझं मत आहे. उन्हात तिचा नुसता मळ दिसतो.

शेवटचा घोटाळा छपाईच्या फाईलीत होतो. फ्लेक्स मशीन शेवटी थेंबच टाकते, म्हणजे रेषांचे पिक्सल कधीतरी होणारच. ते कुठल्या मापावर होतात, यात सगळं आहे. चांगला लोगो फोटोशॉपमध्ये ए4 कागदावर आणून रास्टराइज केला आणि मग पूर्ण फाईल 8 फुटांपर्यंत ताणली, तर कष्ट वाया. आम्ही बोर्ड कोरलमध्येच मांडला आणि सगळ्यात शेवटी 8 बाय 3 फूट मापाला 100 डीपीआयवर टिफ काढली. 9600 बाय 3600 पिक्सल, सीएमवायकेमध्ये न दाबता 138 एमबीच्या आसपास. फ्लेक्सला 72 सुद्धा बरेचदा चालतं, पण हा बोर्ड डोळ्यांच्या जवळ होता. एक दशांश मापावर काम करत असाल तर एक्सपोर्टचा आकडा दहापट लावा, म्हणजे 1000.

याच बोर्डावर उजव्या बाजूला करंजी आणि चकलीचा फोटो होता. तो पिक्सलचाच, आणि तसाच असायला हवा. फोटोचं ट्रेसिंग करून रेषा काढल्या तर चकली भित्तिचित्रातली वाटायला लागते आणि फाईल उघडायला मशीन रडतं. फोटोला पुरेसे पिक्सल आहेत का, एवढंच बघायचं. अंतराचा तोच हिशेब. मोबाईलच्या कॅमेऱ्यातला 4000 पिक्सल रुंदीचा फोटो तीन फुटांवर घेतला तर एक पिक्सल पाव मिलिमीटरहून लहान येतो. हायवेवरच्या 40 फुटी होर्डिंगवर तोच फोटो तीन मिलिमीटरचे पिक्सल देतो आणि तरीही पन्नास मीटरवरच्या गाडीतून छान दिसतो.

ताईंना शेवटी चार फाईली दिल्या. टाइप केलेल्या मजकुरासह मूळ .cdr, कर्व्ह आणि वेल्ड केलेली पीडीएफ जी कुठल्याही छपाईवाल्याला द्यायची, वेबसाइटसाठी एसव्हीजी, आणि डीपीसाठी 1000 पिक्सलची पीएनजी. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची, आणि स्क्रीनशॉट काढून तर मुळीच नाही.